बेरीज आठ, तरी धोका : बाळंतिणीच्या चाचणीतला दहावा प्रश्न आणि त्यापुढचा रस्ता

नागपूर : दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताईंच्या घरभेटींचं वेळापत्रक ठरलेलं असतं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, अशा सहा भेटी. या भेटींत बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो, नाळ पाहिली जाते, आई अंगावर पाजते का हे विचारलं जातं. आईला रक्तस्राव किंवा ताप आहे का, टाके कसे आहेत, हेही विचारतात. बेचाळिसाव्या दिवशी आईचा विषय संपतो आणि पुढं सगळं बाळाचं सुरू होतं. तिसऱ्या महिन्यानंतरच्या भेटी असतात, पण त्याही बाळाच्या वाढीसाठी.

बाळंतपणानंतरचं नैराश्य मात्र हे वेळापत्रक पाळत नाही. बहुतेक बायांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, चिडचिड होते. ते दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं आणि तो आजार नव्हे. खरं नैराश्य हळूहळू चढतं, सहा आठवड्यांपर्यंत ठळक होतं आणि वर्षभरात कधीही दिसू शकतं. देशभरातल्या 38 अभ्यासांची एकत्र मोजणी 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आली होती. त्यात हे प्रमाण सरासरी 22 टक्के निघालं, म्हणजे पाचातली एक आई.

हा आकडा एका पीएचसीवर बसवून पाहू. तीस हजार लोकसंख्या आणि हजारी पंधराच्या आसपास जन्मदर धरला, तर वर्षाला साधारण साडेचारशे बाळंतपणं होतात. त्यातल्या शंभरेक आयांना नैराश्य येईल, म्हणजे आठवड्याला दोन. एवढ्या आया सांभाळणं रामटेक, कुही किंवा भिवापूरच्या कुठल्याही पीएचसीला अशक्य नाही. अडचण वेगळीच आहे. या दोघी कोण हे कळायला हवं, आणि त्यांच्यातली एखादी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलली तर पुढचा फोन कोणी कोणाला करायचा, हे आधी ठरलेलं हवं.

ओळखण्याचं साधन नवं नाही. 1987 साली ब्रिटनमध्ये कॉक्स, होल्डन आणि सागोव्हस्की यांनी दहा प्रश्नांची एक यादी तयार केली. ती एडिनबरा प्रश्नावली म्हणून ओळखली जाते. मागच्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच त्यात विचारतात. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. दहा मिनिटांत काम होतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला प्रश्न वाचून दाखवले तरी चालतात. साधारणपणे दहाच्या वर शंका आणि तेराच्या वर दाट शंका धरतात. पण ही रेषा प्रत्येक समाजात थोडी सरकते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या इस्पितळात 270 गरोदर बायांचा अभ्यास केला होता. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. तिथं कोकणी प्रश्नावलीत रेषा बाराच्या आसपास धरली होती. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य आढळलं. पैशांची तंगी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं यांचा त्याच्याशी ठळक संबंध दिसला. हे वाचून आपल्याकडच्या कुठल्याही आशाताईला आश्चर्य वाटणार नाही.

गुणांची रेषा ठरली की काम संपलं असं वाटतं, आणि इथंच चूक होते. या यादीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर बाकीच्या नऊ उत्तरांत मिसळायचं नसतं. ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, अगदी ‘क्वचित’ आलं, तरी एकूण बेरीज कितीही असो, त्या आईशी त्याच दिवशी पुढचं बोलणं झालंच पाहिजे. कागदावर हा नियम सोपा आहे. पण रजिस्टरमध्ये फक्त एकूण गुणांचा रकाना असला की तो मोडतो.

एक उदाहरण घेऊ. हे काल्पनिक आहे, पण आपल्या तालुक्यांत सहज घडेल असं. बावीस वर्षांची आई, पहिलं बाळंतपण, मुलगी. माहेर देवलापारकडचं, सासर मौदा तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती इथं आहे. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला ती आईसोबत अंगणवाडीत आली. सिस्टरनं तिला बाजूला बसवून दहा प्रश्न विचारले. पहिल्या नऊ प्रश्नांत मिळून गुण आले सहा. दहाव्याला तिनं ‘कधीकधी’ म्हटलं, त्याचे दोन. बेरीज आठ.

आठ म्हणजे दहाच्या आत. रजिस्टरमध्ये ‘8, नॉर्मल’ लिहून पुढच्या बाळाला हाक गेली असती, तर चूक कोणाच्याच लक्षात आली नसती. उलट तपासणीत शंभर टक्के चाचण्या झाल्याचंच दिसलं असतं.

सिस्टरनं दहावं उत्तर वेगळं पाहिलं आणि आजीला बाळ घेऊन व्हरांड्यात बसायला सांगितलं. मग सरळ विचारलं, ‘पोरी, जीव द्यावा असं वाटते का?’ असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येईल ही भीती बऱ्याच कर्मचाऱ्यांना असते. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. बहुतेक बायांना कोणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. पोरगी म्हणाली, ‘रातच्यानं वाटते जी सिस्टर कधीकधी, का आपण नसतो तर बरं झालं असतं.’

इथून पुढची चार-पाच उत्तरं निर्णायक असतात. कसं करायचं हे मनात ठरलंय का, ते साधन घरात हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, बाळाला काही करावं असा विचार येतो का, आणि रात्री सोबत कोण झोपतं. या पोरीनं ठरवलेलं काही नव्हतं, आधी प्रयत्न नव्हता, बाळाबद्दल तसा विचार नव्हता, रात्री आई जवळ झोपते. पण घरात फवारणीचं औषध ठेवलेलं आहे.

हा मधला धोका. मधला म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात पाहू’ असा नव्हे. त्याच दिवशी, ती अंगणवाडीतून निघायच्या आत, पीएचसीच्या मेडिकल ऑफिसरशी फोनवर तरी बोलणं व्हायला हवं. तिच्या संमतीनं तिच्या आईला सांगायला हवं. फवारणीचं औषध त्याच संध्याकाळी घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवायला हवं. कापूस-सोयाबीनच्या गावांत हा एकच उपाय सगळ्यांत जास्त जीव वाचवणारा आहे, कारण आत्महत्येचा तीव्र झटका बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरतो आणि त्या वेळात हाताशी काय असतं यावर बरंच ठरतं. त्यानंतर 14416 या टेलिमानस क्रमांकावर सिस्टरनं तिच्यासमोरच फोन लावून द्यायचा. ही केंद्र सरकारची फुकट सेवा ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. नुसता नंबर लिहून दिला तर फोन होत नाही. घरात एकच मोबाईल असतो आणि तो नवऱ्याच्या किंवा भावाच्या खिशात असतो.

दुसऱ्या दिवशी आशाताईची भेट, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि आठवड्याच्या आत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकलच्या मनोविकार ओपीडीत तपासणी. तोवर पीएचसीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहून घ्यावं. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी थकवा, उदासी अगदी तशीच दिसते, आणि बाळंतपणानंतर दोन्ही वारंवार होतं. औषध लागलं तर बाळाचं दूध तोडायची गरज सहसा पडत नाही. सर्ट्रालिनसारखी गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर देऊ शकतात. ‘गोळी सुरू, म्हणून पाजू नको’ असं परस्पर सांगणारे मात्र गावोगावी भेटतात.

आता याच पोरीनं एखादं उत्तर वेगळं दिलं असतं तर? तिनं कसं करायचं हे ठरवलं असतं, किंवा नुकताच प्रयत्न केला असता, किंवा ‘बाळ माझं नाहीच’, ‘कोणीतरी कानात सांगते’ असं काही बोलली असती, दोन-तीन रात्री झोपच नसती आणि बोलणं सुसंगत नसतं, तर तो लाल धोका. शेवटच्या लक्षणांचा आजार वेगळा आहे. हजारात एखाद-दोन बायांना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच होतो, फार झपाट्यानं वाढतो आणि आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. घरचे त्याला बाहेरचं लागलं म्हणतात आणि दोन दिवस उताऱ्यात जातात. लाल धोक्यात आईला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, शौचालयालाही सोबत जायचं. 108 बोलवायची, डॉक्टरनं पुढच्या दवाखान्यात आधी फोन करायचा आणि सोबत कागद द्यायचा.

पुढचा दवाखाना म्हणजे नागपूर. देवलापारहून सत्तरेक किलोमीटर, नरखेडहून त्याहूनही लांब. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातल्या अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी एक. त्याच्या जवळच्या चौकालाच लोक पागलखाना चौक म्हणतात. ओल्या बाळंतिणीला तिथं न्यायचं म्हटलं की सासर-माहेर दोन्हीकडची माणसं मागं सरतात. टाके, रक्तस्राव, ताप किंवा बाळाची तब्येत असं काही सोबत असेल, तर मेडिकल किंवा मेयोसारख्या सर्वसाधारण रुग्णालयातला मनोविकार विभाग जास्त सोयीचा पडतो, कारण एकाच आवारात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ मिळतात. घरचेही तिथं लवकर तयार होतात. रेफर चिठ्ठी लिहिताना हा विचार व्हायला हवा. तो न होता ‘मानसिक रुग्ण, नागपूर रेफर’ एवढंच लिहिलं, तर ती बाई एका गेटवरून दुसऱ्या गेटवर फिरत राहते.

कायदा इथं मदतीला आहे, फक्त तो खाली पोचलेला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम 94 नुसार तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, म्हणजे पीएचसीचा मेडिकल ऑफिसरसुद्धा, जीव वाचवण्यापुरते उपचार सुरू करू शकतो आणि तिला जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात पाठवू शकतो. मुदत 72 तास, नातेवाइकासारखा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. त्याच कायद्याचं कलम 21 सांगतं, की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. आईच्या आजारामुळं मुलाला धोका आहे असं तज्ज्ञाला वाटलं तरच तसं करता येतं, आणि तेही वेळोवेळी तपासून. म्हणजे 108 मध्ये आईसोबत बाळ आणि बाळाला सांभाळणारं एक माणूस, असे तिघे जातात. बाळ मागं ठेवलं की पाजणं तुटतं, आईची घालमेल वाढते, आणि वॉर्डातून निघून जाणाऱ्यांत अशा आया असतात.

पोलिसांची भीती हा आणखी एक अडसर. ‘केस होईल’ म्हणून घरचे प्रयत्नाची गोष्टच लपवतात आणि डॉक्टरला चुकून काही पोटात गेलं असं सांगतात. याच कायद्याचं कलम 115 म्हणतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं कलम 309 राहिलेलंच नाही. दवाखान्यात अशा घटनेची पोलिसांना कळवण्याची नोंद होते, ती गुन्हा दाखल होणं नव्हे. हा फरक घरच्यांना समजावून सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कोणी द्यायची हेही ठरलेलं असलं पाहिजे.

सगळ्यात कमजोर दुवा आहे तो माणसांमधल्या हस्तांतराचा. आशाताई सिस्टरला सांगते, सिस्टर डॉक्टरला व्हॉट्सअॅप करते, डॉक्टर मीटिंगमध्ये असतो आणि प्रत्येकीला वाटतं आपण वर कळवलं. कळवलं म्हणजे सोपवलं नव्हे. समोरच्यानं ‘हो, ही आता माझ्याकडे’ असं म्हटल्याशिवाय आधीची व्यक्ती मोकळी नाही, असा साधा नियम हवा. फोन लागला नाही तर किती मिनिटं थांबायचं आणि मग कोणाला लावायचा, याचे तीन नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर हवेत : मेडिकल ऑफिसर, तालुका आरोग्य अधिकारी, आणि कोणीच नाही तर सरळ 108. लाल धोक्यात ही वाट पाहणी पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नये.

नोंद कुठं करायची हाही नाजूक मामला. माता व बालक संरक्षण कार्ड घरात सगळ्यांच्या हातून फिरतं. सासू पाहते, नणंद पाहते, अंगणवाडीत टेबलावर पडून असतं. दहाव्या प्रश्नाचं उत्तर त्यावर लिहिलं, तर ती बाई पुन्हा कधी खरं बोलणार नाही. कार्डावर चाचणीची तारीख पुरे, बाकी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये. सासूसमोर प्रश्न विचारले तर सगळी उत्तरं ‘बरं आहे जी’ अशीच येतात, हे तर आशाताईंना सांगायलाच नको. चाचणीत एखाद्या गावच्या सगळ्याच आयांचे गुण शून्य-एक असे येऊ लागले, तर तिथं नैराश्य नाही असं समजू नये. तिथं बाजूला बसायला जागा नाही, किंवा रकाने घरी बसून भरले जातात.

ग्रामीण विदर्भात हे जमेल का, या शंकेचं उत्तर शेजारीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम चालला, त्याचा अहवाल 2017 साली लॅन्सेट सायकियाट्रीत आला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी प्रश्नावली घेऊन नैराश्य शोधलं, पुढं पाठवलं. दीड वर्षात उपचारापर्यंत पोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. तो बाळंतिणींसाठी नव्हता, पण गावातली बाई हे विचारू शकते हे त्यातून दिसलं. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात अतिफ रहमान यांनी तिथल्या आरोग्य सेविकांना आयांशी बोलण्याचं साधं तंत्र शिकवलं होतं. 2008 च्या त्यांच्या अहवालात बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर त्या गटातल्या 23 टक्के आया नैराश्यात होत्या, दुसऱ्या गटातल्या 53 टक्के. मात्र दोन्हीकडे प्रशिक्षण आणि डोक्यावर देखरेख होती. एका दिवसाचं शिबिर घेऊन कागद वाटण्याशी याचा संबंध नाही.

आणि मग सव्वा महिना उलटून गेलेला असतो. आपल्या उदाहरणातली पोरगी मौद्याकडच्या सासरी जायला निघते. देवलापारकडच्या आशाताईच्या यादीतून तिचं नाव कमी होतं, सासरच्या आशाताईला ती आलेली कळतच नाही. दीड महिन्याची लस इकडं झाली, अडीच आणि साडेतीन महिन्यांची तिकडं होणार. मधले चार आठवडे ती कोणाचीच नाही, आणि नेमका तोच काळ जोखमीचा. तिचा आरसीएच नंबर दोन्ही गावांत एकच असतो. निघायच्या आधी इथल्या सिस्टरनं तो नंबर आणि ‘भेट हवी’ एवढा निरोप तिकडच्या सिस्टरला फोन करून द्यायचा, आणि तिकडून ‘भेटले’ असं कळेपर्यंत इकडची नोंद बंद करायची नाही. नागपूरच्या वॉर्डातून सुटी झालेल्या आईलाही हेच लागू, तिला तर सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच भेट हवी. सासरी पोचल्यावर लसीच्या दिवशी बाळाला घेऊन सासू एकटीच आली, तर सिस्टरनं आई कुठं आहे हे विचारून त्याच दिवशी घरी जावं.

मातामृत्यूच्या मोजणीत बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंतचेच मृत्यू धरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2012 मध्ये गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची आत्महत्या हे मातामृत्यूचं थेट कारण मानायला सांगितलं, पण रेषा तीच राहिली. त्यामुळं चौथ्या महिन्यात गेलेली आई आरोग्य विभागाच्या मातामृत्यूच्या यादीत येत नाही. तिची नोंद असते ती पोलीस ठाण्यात, आकस्मिक मृत्यू म्हणून. तालुका आरोग्य कार्यालयानं निदान वर्षाखालचं मूल मागं ठेवून गेलेल्या बायांची नावं त्या ठाण्याच्या नोंदीतून दर महिन्याला मागवून घेतली, तर त्यांची दहा प्रश्नांची चाचणी झाली होती का आणि दहाव्या प्रश्नाला त्या काय म्हणाल्या होत्या, हे तपासता येईल.